सघन वर्णन लिहायचं आहे, पण ज्यांनी विश्वासाने सांगितलं ती माणसं उघडी पडू नयेत. कसं करता?

रानजाई

(संपादित: सायंतारा यांच्या सूचनेनंतर तालुका, हंगामाचं वर्ष, कारखान्याचा भाग आणि बाईंचं वर्णन काढलं आहे. खालच्या प्रसंगातली वस्तू, विनोद आणि नातंही बदललं आहे. पेच मात्र तोच आहे.)

मी पीएचडीसाठी ऊसतोड कामगारांच्या टोळ्यांसोबत दोन हंगाम राहिले. आता प्रकरणं लिहायला घेतली आहेत. माझ्या मार्गदर्शक बाई प्रत्येक मसुद्यावर एकच शेरा मारतात, "अजून सघन हवं." त्यांचं बरोबर आहे. मानववंशशास्त्रज्ञ गीर्ट्झने 1973 मध्ये तत्त्वज्ञ राईलकडून घेतलेलं डोळा मिचकावण्याचं उदाहरण इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. एकाचा डोळा आपोआप फडफडतो, दुसरा खूण म्हणून मिचकावतो, तिसरा त्याची नक्कल करतो आणि चौथा त्या नकलेचा आरशासमोर सराव करतो. कॅमेऱ्याला चारही सारखेच दिसतात. यातलं नेमकं काय घडलं हे वाचकाला कळावं, एवढा संदर्भ लिहिण्यात आला पाहिजे.

आता माझा प्रसंग. हंगाम संपताना कोपीबाहेर, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपडीबाहेर, हिशेब चालला होता. मुकादम वही उघडून एकेका कोयत्याचे, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्याचे, खाडे वाचत होता. आमच्या टोळीत एका खाड्याला 500 रुपये कापत. एका जोडप्याच्या नावावर नऊ खाडे निघाले. नवरा गप्प राहिला. बायकोने कनवटीची सुतळी काढून वहीच्या उघड्या पानावर ठेवली. तिला सहा गाठी होत्या. मग ती हसत म्हणाली, "मुकादम, दवात भिजली जणू वही. सहाचा नऊ दिसाय लागला." सगळे हसले. मुकादमही हसला आणि म्हणाला, "बरं, सात धरू."

इथपर्यंतचं अख्ख्या टोळीने पाहिलेलं आहे. पण आदल्या संध्याकाळी हौदापाशी मुकादमाच्या बायकोनेच तिला सांगून ठेवलं होतं की उद्या नऊ वाचणार आहेत. त्या दोघींनी हा विनोद मिळून जुळवला होता. म्हणजे पाहणाऱ्यांना उत्स्फूर्त वाटलेलं वाक्य आरशासमोर सराव करून आलेलं होतं. माझ्या प्रकरणाचा जीव तिथेच आहे, आणि तेच लिहिलं तर मुकादमाच्या बायकोचं काय होईल हे मला डोळ्यांसमोर दिसतं.

नुसती नावं बदलून भागेल असं वाटत नाही. तुम्ही काय करता?

---

शमी

मी समाजकार्य विभागात शिकवते. तुमच्याकडे संमतीपत्र असेलच, त्यात "माहिती संशोधनासाठी वापरली जाईल" हे आलं. टोपणनावं द्या, तालुका बदला, टोळीतल्या कोयत्यांची संख्या बदला. नीतिमत्ता समितीला एवढं पुरतं. सगळंच पुसत बसलात तर प्रबंधात उरेल काय?

रानजाई

संमती त्या बाईंची आहे. मुकादमाच्या बायकोने मला कधी काही सांगितलंच नाही, तिचं नाव दुसरीच्या बोलण्यातून माझ्या वहीत आलं. तिच्याकडून कसली संमती घेतली मी?

टीपकागद

पंचवीस वर्षं बातमीदारी करतोय, म्हणून स्पष्ट लिहितो. मुकादम तीन खाडे जास्त लावतो, ही चोरी आहे. तुम्ही त्याला का झाकताय? नाव-गाव घालून लिहा, कामगार आयुक्तांकडे पाठवा. अशा गुळगुळीत लिखाणानेच या लोकांचं फावतं.

रानजाई

दादा, मला मुकादमाला झाकायचं नाही, त्या दोघींना झाकायचं आहे. आणि नाव घालून लिहिलं तर पुढच्या वर्षीची उचल त्या जोडप्याला कोण देणार? उचल लाखाच्या घरातली असते. ती मिळाली नाही तर दवाखान्याचं आणि मुलीच्या लग्नाचं कर्ज अंगावर तसंच राहतं.

---

सायंतारा

रानजाई, आधी एक विनंती, मग बोलते. तुमच्या पहिल्या मजकुरात तालुका आहे, कारखाना कुठल्या नदीकाठचा ते आहे, वर्ष आहे, कोयत्यांची संख्या आहे आणि त्या बाईंच्या अंगाखांद्याचं वर्णन आहे. त्या भागातल्या माणसाला टोळी ओळखायला तेवढं पुरे आहे. कृपया आत्ताच्या आत्ता बदला. हा धागा कुणालाही वाचता येतो.

रानजाई

बदललं. मनापासून आभार. प्रबंधाची काळजी करता करता इथेच सगळं मांडून बसले होते.

सायंतारा

होतं असं. आपण जपायचं ठरवतो ते प्रबंधापुरतं, आणि गोष्ट बाहेर पडते चहाच्या टपरीवर, चर्चासत्रात, ऋणनिर्देशात. एका विद्यार्थ्याचा प्रबंध मी तपासला होता. त्याने मजकुरात गावाचं नाव काळजीपूर्वक बदललं होतं आणि ऋणनिर्देशात "अमुक गावच्या ग्रामपंचायतीचे व माझ्या राहण्याची सोय करणाऱ्या अमुक कुटुंबाचे आभार" मानले होते. म्हणून मी सगळ्यांना सांगते की ऋणनिर्देश, फोटोखालच्या ओळी आणि परिशिष्टातली वंशावळ शेवटी एकदा वेगळी काढून वाचा.

आता मूळ प्रश्न. तुम्हाला धोका कुणाकडून आहे? पुण्या-मुंबईच्या वाचकाकडून नाही. त्याला ही बाई खऱ्या नावाने भेटली तरी तो तिला ओळखत नाही. धोका आहे तो टोळीतल्याच माणसाकडून. तो टोपणनाव वाचतच नाही. त्याला प्रसंग आठवतो, आणि प्रसंग आठवला की नाव आपोआप येतं.

मानववंशशास्त्रज्ञ नॅन्सी शेपर-ह्यूजचा अनुभव या बाबतीत फार शिकवणारा आहे. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यात तिने मानसिक आजारांवर काम केलं. 1979 मध्ये पुस्तक आलं तेव्हा गावाला "बॅलीब्रान" असं बनावट नाव होतं, माणसांचे तपशील एकमेकांत मिसळलेले होते. तरी गाव कुठलं ते एका पत्रकाराने शोधून काढलं. गावकऱ्यांनी तर प्रत्येक पानावर कोणाचा कोणता तुकडा आहे ते ओळखलं. त्यांचा राग खोटं लिहिल्याचा नव्हता. चुलीपाशी कुजबुजत सांगितलेलं छापून आलं, हे त्यांना लागलं होतं. 1999 मध्ये ती परत गेली तर तिला गाव सोडावं लागलं. नंतर तिनेच लिहिलं की पुन्हा लिहायचं झालं तर अशी टोपणनावं आणि तपशिलांची सरमिसळ वापरणार नाही, कारण ते मुखवटे गावाने सहज उतरवले.

म्हणून मी "ओळखतील का?" एवढ्यावर थांबत नाही. ओळखणारच आहेत असं धरून चालते आणि विचारते, "ओळखल्यावर त्यांना नवीन काय कळेल?" सुतळीचा प्रसंग सगळ्यांसमोर घडला, तो वाचून टोळीला नवीन काही कळत नाही. हौदापाशी काय बोलणं झालं ते मात्र दोघींखेरीज कुणाला ठाऊक नाही.

---

कोपीतला

मी ऊसतोड कामगाराचा मुलगा. आईबापाबरोबर सहा हंगाम कोपीत काढले, आता शाळेवर आहे. दोन गोष्टी सांगतो.

एक, आमच्याकडं हे कोण वाचणार असं समजू नका. आमच्या मुकादमाचा पोरगा पदवीधर आहे. पीएचडी झाली की प्रबंध शोधगंगेवर चढतो, पीडीएफ कुणीतरी उतरवून घेतो आणि व्हॉट्सॲपवर टाकतो. टोळीवर कुणी लिहिलं म्हटलं की आमची पोरं आधी आपला कारखाना कुठाय तेच शोधतात.

दुसरं, ताई, तुम्ही खाड्याचं बरोबर लिहिलंय, पण वाचकाला त्यातली मेख कळणार नाही. वही मुकादमाची, हात त्याचा, आणि नाव नवऱ्याचं. बाई निम्मा ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, पण वहीत कोयता नवऱ्याच्या नावावर. म्हणून नवरा गप्प बसला. तो बोलला असता तर भांडण झालं असतं. बाईनं हसून बोलल्यावर मस्करी झाली. हे लिहा. यानं कुणाचं काही जात नाही, आन् अर्थ सगळा यातच आहे.

रानजाई

हे मी पाहिलं होतं, पण लिहिलं नव्हतं. मला वाटत होतं की संदर्भ म्हणजे त्या बाईंबद्दलचे तपशील.

---

मधुकाका_चाळवाले

माझाही असाच अनुभव आहे. आमच्या गिरणगावातल्या चाळीवर मी एका दिवाळी अंकात लेख लिहिला होता. सगळी नावं बदलली होती. त्यात एक वहिनी नळावर पाणी भरताना सासूचं सोंग करायच्या, तो किस्सा मी अगदी प्रेमाने रंगवला होता. अंक त्यांच्या सासूबाईंच्या हातात पडला. ते सोंग चाळीतल्या सगळ्या बायकांनी पाहिलेलं, पण सासूला ठाऊक नव्हतं. वहिनी पुढे अकरा वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या गेल्या तेव्हा मी खाली रस्त्यावर उभा होतो, वर जायची हिंमत झाली नाही. सायंताराताईंनी लिहिलेला प्रश्न तेव्हा माझ्यासमोर असता तर तो परिच्छेद मी गाळला असता.

सायंतारा

काका, तुमचं उदाहरण माझ्या म्हणण्यात एक दुरुस्ती करतं. "सगळ्यांनी पाहिलेलं" म्हणताना त्या सगळ्यांत कोण नव्हतं हेही मोजायला हवं. रानजाई, हिशेबाच्या वेळी मुकादमाच्या घरचे, कारखान्याचा चिठ्ठीबॉय, गाडीमालक यांपैकी कोण हजर नव्हतं, ते तुमच्या वहीत पाहून घ्या.

आता मी प्रत्यक्षात काय करते ते सांगते. परिच्छेद कागदावर छापून घ्यायचा आणि दोन रंगांच्या पेन्सिली घ्यायच्या. ज्या तपशिलावरून माणूस ओळखू येतो त्याखाली लाल रेघ. जो काढला तर प्रसंगाचा अर्थ कोसळतो त्याखाली निळी. तुमच्या पहिल्या मजकुरात त्या बाईंचं जे वर्णन होतं त्याखाली नुसती लाल होती. ते गेलं तर वाचकाचं काहीच जात नाही. वही कोणाच्या हातची, खाड्याला किती रुपये, पुढची उचल कोणाकडून, याखाली नुसती निळी. ते कितीही लिहा, कारण ते शेकडो टोळ्यांना लागू आहे. कोपीतला यांनी नेमकं हेच दाखवलं.

खरं काम दोन्ही रेघा असलेल्या जागी आहे. तिथे बदली वस्तू चालते का पाहायचं. समजा सुतळीऐवजी कोपीच्या कुडावर कोळशाच्या रेघा लिहिल्या. वाचायला सारखंच वाटतं, पण सारखं नाही. कुडावरच्या रेघा येता-जाता सगळ्यांना दिसतात, मुकादमालाही. मग त्या मोजणं म्हणजे उघड आव्हान झालं. सुतळी कनवटीला असते, शेवटच्या दिवशीच बाहेर येते. बदली वस्तूही लपवता येणारी आणि ऐनवेळी पुढे ठेवता येणारी हवी. मक्याचे दाणे बांधलेली पुरचुंडी चालेल. सहा-नऊचा विनोद तर बदलताच येत नाही, कारण इंग्रजी आकड्यांत 6 आणि 9 एकमेकांची उलटी रूपं आहेत म्हणूनच मुकादमाला "माझी वाचायची चूक" म्हणून सुटायला वाट मिळाली. आठ-पाच लिहिलंत तर विनोद मेला. तुमच्या मूळ प्रसंगातला विनोदही बहुधा असाच हलवता न येणारा असणार. मग तिथे मान्य करायचं की टोळी ओळखणार, आणि त्या परिच्छेदात टोळीला ठाऊक नसलेलं एक अक्षरही ठेवायचं नाही.

आणि त्या बाईंना प्रबंधभर एकच टोपणनाव देऊ नका. तिसऱ्या प्रकरणात तिचं माहेर, पाचव्यात ऑपरेशन, सातव्यात सुतळी, असं एका नावाखाली साठत गेलं की माणूस उभा राहतो. सुटे सुटे ते तुकडे कुणाचेही असू शकतात.

---

शमी

मी आधी फार सोपं करून लिहिलं होतं. पण मग तीन-चार बायकांची मिळून एक बाई का करत नाही? मुकादमाच्या बायकोचाही प्रश्न सुटतो.

सायंतारा

काही जण करतात, आणि तसं स्पष्ट सांगून केलं तर मी ते अप्रामाणिक मानत नाही. पण मी स्वतः करत नाही. या प्रसंगातलं बळ एका विशिष्ट नात्यात आहे. तीन टोळ्यांतल्या तीन बायका एकत्र केल्या तर त्यांची तीन वेगळी कर्जं, तीन वेगळे मुकादम एकत्र होतात, आणि ही बाई असं का बोलली याचं उत्तर मी बनवलेलं असतं. शिवाय शेपर-ह्यूजच्या गावाने मिसळलेले तुकडेही वेगळे केलेच. त्यात एकीचं कृत्य दुसरीच्या नावावर लागण्याचाही धोका आहे.

---

रानजाई

दोन दिवस बसून लिहिलं. आधी घाबरून इतकं पुसलं की "एका महिला कामगाराने नोंदींतील विसंगती विनोदाच्या आधारे निदर्शनास आणली" असं वाक्य उरलं. त्यात ती बाई सुरक्षित आहे, पण ती तिथे नाहीच. मग पुन्हा लिहिलं:

"हिशेबाच्या दिवशी वही मुकादमाच्या मांडीवर असते आणि बाकीचे जमिनीवर बसतात. वहीत प्रत्येक कोयता नवऱ्याच्या नावाने आहे. खाडे किती, हे मुकादमाने ज्या दिवशी लिहिले त्या दिवशी कुणी पाहिलेले नसते. आकडा पटला नाही तरी पुरुष सहसा बोलत नाहीत, कारण बोलणं म्हणजे मुकादमाला चोर म्हणणं, आणि पावसाळ्यात उचल मागायला त्याच्याच दारात जायचं असतं. एका हिशेबात नऊ खाडे वाचले गेले तेव्हा नवरा मान खाली घालून बसला. बाईने सहा गाठींची सुतळी वहीवर ठेवली, पण बोट वहीकडे केलं नाही, दवाकडे केलं. सहाचा नऊ दिसायला लागला, असं ती म्हणाली. चूक माणसाची नव्हती, शाईची होती. मुकादमाला हसता आलं, आणि हसल्यावर नऊवर अडून बसता आलं नाही. तो सहावरही आला नाही. सातवा खाडा ही त्याच्या मुकादमपणाची किंमत होती, आणि ती 500 रुपयांची होती. तिने सुतळी उचलून पुन्हा कनवटीला लावली."

हौद यात नाही. हजर कोण नव्हतं तेही वहीत पाहिलं. गाडीमालक नव्हता, पण त्याचा या पैशाशी संबंध नाही.

कोपीतला

आता बरोबर वाटतंय. सातवर आला ते एकदम खरं. सहावर कधीच येत नसतेत.

टीपकागद

परिच्छेद चांगला आहे, आणि मी आधी प्रश्न चुकीचा समजलो होतो. पण एक शंका जात नाही. यात ती बाई हजरजबाबी दिसते. प्रत्यक्षात दोन बायकांनी, एक मुकादमाच्या घरातली आणि एक फडातली, मिळून डाव रचला होता. ही फार मोठी गोष्ट आहे. ती गाळलीत तर तुम्ही वाचकाला फडफडलेला डोळा दाखवताय आणि सराव करून मिचकावलेला लपवताय. हे सघन वर्णन कसं?

सायंतारा

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. "तिला आकडा आधीच माहीत होता" एवढंच लिहिलं तरी मुकादम विचारेल, कुणी सांगितला? वही घरात राहते आणि घरात माणसं दोन. तेव्हा या परिच्छेदाजवळ तो थर येऊ शकत नाही. पद्धतीच्या प्रकरणात मी लिहीन की काही प्रसंगांतले काही थर जाणूनबुजून काढले आहेत, आणि कुठल्या प्रसंगातले ते सांगणार नाही.

रानजाई, मुकादमांच्या घरातल्या बायका वहीतली माहिती बाहेर देतात, हे तुम्हाला आणखी कुठे दिसलं आहे का?

रानजाई

दुसऱ्या हंगामात दोन वेगळ्या टोळ्यांत ऐकलं, पाहिलं नाही. तिथे वहीपेक्षा वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पैशाबद्दल होतं.

सायंतारा

मग ते वेगळ्या प्रकरणात, प्रसंगाशिवाय, "काही टोळ्यांत" एवढंच म्हणून येऊ शकेल. पण ऐकीव दोन आणि पाहिलेलं एक यावर केवढा दावा उभा करायचा, हे तुमच्या मार्गदर्शकांशी बोलून ठरवा. आणि असा दावा छापल्याने सगळ्याच मुकादमांच्या घरात वह्या कुलपात जाऊ लागल्या तर काय, हाही प्रश्न आहे. मी अशा एका निष्कर्षावर बरीच वर्षं काही लिहिलेलं नाही.

टीपकागद

म्हणजे सर्वांत महत्त्वाचं तेच छापायचं नाही. मला पटत नाही, पण तुम्ही का म्हणताय ते कळतंय.

कोपीतला

ताई, एक विचारू? त्या बाईंना हे वाचून दाखवलंत का? माझ्या आईला कुणी वाचून दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, माझं नाव घाल, मी भ्यायचे नाही. पण तिचं नाव घातलं की बापाचं येतं, बापाचं आलं की टोळी येते. तरी तिला विचारायला पाहिजे होतं असं मला वाटतं. आन् वाचून दाखवताना कोपीत नका दाखवू, गावी दाखवा. कोपीत भिंत नसते.

रानजाई

नाही दाखवलं. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात, त्याआधी गावी जाऊन वरचा परिच्छेद वाचून दाखवणार आहे. हौदाबद्दल मी त्यांच्यासमोर विषय काढणार नाही, त्यांनी काढला तर ऐकेन. माझ्या वहीत ते पान अजून आहे. ते फाडावं, की नावं काढून वेगळं ठेवावं, हे मात्र ठरत नाहीये. कुणी असं पान ठेवलं किंवा नष्ट केलं असेल तर कृपया लिहा.